कारपूलच्या गाडीचा चेक इंजिन लाइट: तपासणीचे पैसे ग्रुपकडे कसे मागावेत?

घोडबंदरकर

मंडळी, थोडा मेकॅनिकचा आणि थोडा माणसांचा असा प्रश्न आहे, दोन्हीकडचे जाणकार इथे असतात म्हणून धागा काढतोय.

आमचा कासारवडवली ते महापे असा चौघांचा पूल आहे. गाडी मी आणि माझ्या शेजाऱ्याने अर्धे अर्धे पैसे घालून सेकंडहँड घेतली, आरसी माझ्या नावावर. फॅक्टरी फिटेड सीएनजी, चार सिलिंडर, बीएस ६. बाकी दोघं म्हणजे एक ताई, त्या रबाळ्याला उतरतात, आणि एक पोरगा ज्याला आठवड्यात तीनच दिवस ऑफिसला जावं लागतं. हे दोघं फक्त सीएनजीचा वाटा देतात. विमा आणि सर्व्हिसिंग आम्ही दोघं मालक बघतो. आत्तापर्यंत कधी कटकट नव्हती.

परवा सकाळी माजिवड्याच्या पुलावर चढताना गाडी झटके मारायला लागली आणि मीटरवर पिवळा इंजिनचा लाइट आला. थोडा वेळ ब्लिंक होत होता, मग पूल उतरल्यावर तसाच लागून राहिला. पेट्रोलवर टाकली तर बऱ्यापैकी गुळगुळीत चालली. घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो स्कॅनर लावायचे ५००, पुढे काय निघेल ते निघेल. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर त्यांनी गाडी न बघताच "प्लग, कॉइल सेट, इंजेक्टर क्लीनिंग" असा अंदाजे १४ हजारांचा आकडा सांगितला.

माझं म्हणणं असं की रिपेअरचं नंतर बघू, पण निदान काय झालंय हे शोधायचा खर्च चौघांत वाटावा, कारण गाडी बंद पडली तर चौघांचे वांधे. मी ग्रुपवर टाकायला हा मेसेज लिहिलाय:

> नमस्कार, गाडीचा इंजिन लाइट लागलाय. चेकिंग आणि काम मिळून खर्च येणार आहे. सगळ्यांनी सध्या १०००-१००० टाकून ठेवा, बाकी हिशेब नंतर करू.

अजून पाठवला नाहीये. शेजारी म्हणतो हा मेसेज गेला की ग्रुप फुटणार. तुम्ही काय म्हणता?

मीनल_वर्तकनगर

शेजारी बरोबर बोलतोय 😄 "बाकी हिशेब नंतर" वाचलं की माणूस आधी खिसा घट्ट धरतो. आणि चेकिंग आणि काम एकाच वाक्यात का? ती ताई म्हणणार की मी तुमच्या गाडीचं इंजिन का रिपेअर करून देऊ.

बंड्या_कोपरी

अरे त्यात काय एवढं, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेव, लाइट जातो. माझ्या जुन्या गाडीचा असाच घालवलाय. ५०० पण वाचले आणि मेसेज पण वाचला.

कळवा_गॅरेज

बंड्याभाऊ, लाइट जातो हे खरं, पण लाइट म्हणजे आजार नाही ना. टर्मिनल काढलं की ईसीएम मधला कोड पुसला जातो, आणि कोडबरोबर एक फ्रीझ फ्रेम सेव्ह झालेली असते ती पण जाते. फॉल्ट आला त्या क्षणाला इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, सगळं त्यात असतं. ते घालवलं तर मेकॅनिकला अंधारात तीर मारावे लागतात आणि त्याचे पैसे तुम्हीच देता. घोडबंदरकर, टर्मिनलला हात लावू नका.

दुसरं, तुम्ही लिहिलंय ब्लिंक होत होता. हे महत्त्वाचं आहे. स्थिर लाइट असेल तर सवडीने दाखवा एवढाच अर्थ, पण चढावर ब्लिंक होतोय म्हणजे गाडी जोरात मिसिंग मारतेय, एखाद्या सिलिंडरमधला गॅस न जळताच सायलेन्सरकडे जातोय आणि तिथे कॅट-कॉनमध्ये जाऊन जळतोय. कॅट त्याने तापून आतून वितळतो. बीएस ६ च्या कॅटचा खर्च ऐकलात तर १४ हजार स्वस्त वाटतील. त्यामुळे तपासेपर्यंत सीएनजीवर चालवू नका. पेट्रोलवर, हलक्या पायाने, शक्यतो एकट्याने. पेट्रोलवरही ब्लिंक झाला तर बाजूला घ्या आणि टो करा.

आणि ५०० देऊन स्कॅन करून घ्या, पण कोड उडवायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा, कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा, दोन्ही.

आडवातिडवा

माझ्या डिझेल गाडीला पण असाच लाइट आला होता, डीपीएफ भरला होता. मी रोज वाशी ते सानपाडा एवढंच चालवायचो, इंजिन गरमच व्हायचं नाही, मग तो साचलेली काजळी जाळणार कधी. शेवटी एका रविवारी पुण्याच्या रस्त्याला नेली एका लयीत, आणि लाइट गेला. तुम्ही पण एकदा लाँग ड्राइव्ह करून बघा.

कळवा_गॅरेज

आडवातिडवा साहेब, तुमच्या केसला तो इलाज बरोबर होता. पण यांची सीएनजी-पेट्रोल आहे, डिझेलवाला डीपीएफ तिला नाही. ही मिसिंग मारत असताना घाट चढवली तर कॅट घाटातच सोडून यावं लागेल.

हिशेबी_ऐरोली

मी पैशाच्या बाजूने बोलतो. मूळ ठराव काय आहे? रायडर फक्त इंधन देतात आणि सर्व्हिसिंग मालकांचं. मग स्कॅनिंग सर्व्हिसिंगमध्ये येतं की नाही, हा खरा प्रश्न आहे. तुम्ही किलोमीटरमागे जास्तीचे पैसे घेत असता तर मी सरळ म्हटलं असतं की मेंटेनन्स त्यात आलाच, परत मागणं म्हणजे दोनदा वसुली. तुम्ही ते घेत नाही, म्हणजे मागायला जागा आहे. पण हक्क म्हणून मागू नका, ठराव बदलायचा प्रस्ताव म्हणून मागा.

आणि एक. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत "भाडं", "चार्ज" असले शब्द लिहूच नका. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापरलेली चालत नाही असं छापलेलं असतं. खर्च वाटून घेणं वेगळं आणि भाडं घेणं वेगळं, त्यामुळे बिलाचा फोटो टाका आणि बिलाएवढेच मागा, वर एक रुपया नको.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी पेट्रोलवर एकटाच गेलो गॅरेजला. स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूला त्याने प्लग लावला, मी फोटो काढले. कोड एकच आहे:

```
P0302  Cylinder 2 Misfire Detected
RPM 2380
Speed 36 km/h
Load 79 %
Coolant 88 C
```

गॅरेजवाला लगेच म्हणाला कॉइल गेली, दोन नंबरची टाकून देतो. मी म्हटलं थांब, विचारून सांगतो. बरोबर केलं ना? की उगाच ताणतोय?

बंड्या_कोपरी

P0302 म्हणजे कॉइलच. यूट्यूबवर सगळे तेच सांगतात. बदलून टाक.

कळवा_गॅरेज

बरोबर केलंत. बंड्याभाऊ, कॉइल असायची शक्यता चांगली आहे, पण कोड फक्त एवढंच म्हणतोय की दोन नंबर सिलिंडर नीट पेटत नाहीये. का पेटत नाहीये ते कोडला माहीत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, कॉइलच्या सॉकेटची वायर उंदराने कुरतडली असेल (ठाण्यात पार्किंगमधले उंदीर आमचं निम्मं घर चालवतात), प्लगच्या खड्ड्यात पाणी असेल, नाहीतर सीएनजीचा इंजेक्टर.

आता फ्रीझ फ्रेम बघा. ८८ डिग्री म्हणजे इंजिन पूर्ण गरम, सकाळच्या थंड स्टार्टचा प्रॉब्लेम नाही. लोड ७९ आणि स्पीड ३६ म्हणजे खालच्या गियरमध्ये चढण, तुम्ही म्हणालात तोच माजिवड्याचा पूल. आणि पेट्रोलवर त्रास नाही. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त ताकद लागते, त्यात चढावर पाय दाबला की आणखी लागते. म्हणून अर्धवट मेलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग पेट्रोलवर महिनोन्महिने निभावून नेतो आणि सीएनजीवर चढण आली की हात टेकतो. इग्निशनकडे संशय जातो तो यामुळे. पण सीएनजीचा इंजेक्टर वेगळा असतो, पेट्रोलचा वेगळा, त्यामुळे त्या इंजेक्टरला अजून सोडता येत नाही.

हे पार्ट न विकत घेता कळतं. इंजिन थंड, चावी बंद. दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लावायची, तीनची दोनवर. एक दहाचा बोल्ट आणि एक सॉकेट, बस. प्लग जागेवरच ठेवायचे. प्लग आणि कॉइल दोन्ही एकदम हलवलेत तर नंतर कळणार नाही कोणामुळे झालं. कॉइल काढल्यावर खड्ड्यात टॉर्च मारून पाणी-तेल आहे का बघा आणि वायर हाताने चाचपा. मग कोड उडवून तोच पूल सीएनजीवर एकदा चढा. झटका लागला की लगेच पेट्रोलवर टाका, ताणू नका.

परत स्कॅन केल्यावर P0303 आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल दोषी. P0302 च राहिला तर मग प्लगची अदलाबदल. तरीही दोनवरच बसून राहिला तर सीएनजी इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन.

आबा_नौपाडा

एवढी भानगड कशाला? आमच्या वेळी इंजिन चालू ठेवून एकेक वायर उपटायचो. जी उपटल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. एका मिनिटात काम.

कळवा_गॅरेज

आबा, मी पण तसंच शिकलो, उस्तादाने हातावर झटके खायला लावून शिकवलंय 🙏 मेलेला सिलिंडर कुठला हे त्याने खरंच कळतं. पण इथे ते स्कॅनरने आधीच सांगितलंय. आणि आजच्या गाडीत चालू इंजिनवर कॉइल उपटली की त्या सिलिंडरचं सगळं इंधन कच्चं कॅटमध्ये जातं, शिवाय कॉइल सर्किटचा नवा कोड येऊन बसतो आणि पुढचा मेकॅनिक त्याच्यामागे धावतो.

स्नेहल_नेरुळ

मी वाचतेय तेवढ्यात मेसेजचं कोणी बोलतच नाहीये. मी चार वर्षं पूलमध्ये रायडर म्हणून जाते, त्या बाजूने सांगते. मला पैसे द्यायला काही वाटत नाही, पण तीन गोष्टी आधी कळायला हव्यात. कशासाठी, जास्तीत जास्त किती, आणि याच्यानंतर आणखी मागणार का. तुमच्या मेसेजमध्ये तिन्हीचा पत्ता नाही. वर १००० आगाऊ, म्हणजे उरलेले परत मागायला मीच भिकाऱ्यासारखी मागे लागायचं.

आणि त्या तीन दिवसवाल्या मुलाला सारखाच वाटा लावू नका हो. तो बोलणार नाही, गुपचूप ट्रेन धरेल.

मीनल_वर्तकनगर

स्नेहल +१. आणि लाइट ब्लिंक होतोय म्हणजे कॅटला धोका आहे, हे पण मेसेजमध्ये घाला, साध्या भाषेत. नाहीतर लोक म्हणतात गाडी चालतेय ना, मग चालू दे.

घोडबंदरकर

हे घ्या, आत्ता पाठवला. ताईंशी आधी फोनवर बोललो, मग टाकला:

> ताई, रोहन, नमस्कार. गाडी चढावर सीएनजीवर झटके मारतेय आणि इंजिनचा लाइट ब्लिंक होतोय. अशीच चालवली तर सायलेन्सरमधला महागाचा पार्ट जळू शकतो, म्हणून कारण कळेपर्यंत पूल बंद. तोवर ठाण्याहून ट्रेन नाहीतर बस बघावी लागेल, त्याबद्दल सॉरी.
>
> स्कॅन केलाय, ५०० झाले, बिल खाली आहे. पुढच्या तपासणीची मजुरी धरून एकूण १५०० च्या वर जाणार नाही, गेलंच तर आधी विचारू. आपला ठराव फक्त सीएनजीचा आहे हे लक्षात आहे, म्हणून विचारतोय, सांगत नाही: शोधण्याचा खर्च चौघांत, जो आठवड्यात जितके दिवस येतो त्या प्रमाणात वाटायचा का? आगाऊ काही नको, काम झाल्यावर बिलाप्रमाणे. कारण कळल्यावर रिपेअरचं वेगळं बोलू, त्यात आत्ता कोणी हो म्हटलंय असं धरणार नाही. नको असेल तरी मोकळेपणाने सांगा.

रोहनचा अंगठा आला पाच मिनिटांत. ताई म्हणाल्या तपासणीला हरकत नाही, पण रविवारी तुमच्यापैकी कोणी विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर आम्ही का द्यायचं. आता काय बोलणार! शेजारी खरंच गेला होता मागच्या पावसात कळव्याला सासुरवाडीला.

हिशेबी_ऐरोली

ताईंचा मुद्दा शंभर टक्के रास्त. पण तो रिपेअरच्या बिलाला लागू होतो, तपासणीच्या नाही. पाण्याने झालंय की नाही हे तपासल्याशिवाय कळणार कसं? उलट त्यांच्याच फायद्याचं आहे. खड्ड्यात पाणी सापडलं तर त्या बिलातून त्या सुटल्या.

कळवा_गॅरेज

विटाव्याचं पाणी मागच्या पावसातलं असेल तर आत्तापर्यंत वाळलं असणार, पण सॉकेटमध्ये हिरवट गंज दिसतो का ते बघायला सांगा. दिसला तर फोटो काढा. वाद मिटवायला फोटोसारखं दुसरं काही नाही.

घोडबंदरकर

अपडेट. आज सकाळी गॅरेजवाल्याने माझ्यासमोर दोन आणि तीनच्या कॉइल बदलल्या. ३०० घेतले. खड्डे कोरडे, वायर शाबूत, सॉकेट स्वच्छ, फोटो ग्रुपवर टाकले. मग कोड उडवून माजिवड्याचा पूल चढलो सीएनजीवर, हलका झटका लागला पण लाइट लागला नाही! खाली उतरेपर्यंत काहीच नाही. म्हणजे नुसतं काढून घातल्याने बरी झाली का? लूज कनेक्शन?

बंड्या_कोपरी

बघ, मी म्हणत होतो, उगाच बाऊ. लूज कनेक्शन.

कळवा_गॅरेज

झटका लागला ना? मग बरी नाही झाली. मिसफायर फार जोराचा नसेल तर ईसीएम पहिल्या वेळी नुसती नोंद करून ठेवतो, पुढच्या फेरीत परत दिसला की मग लाइट लावतो. तुम्ही यावेळी जपून चढलात म्हणून लाइट आला नसेल. स्कॅनर परत लावा आणि मुख्य यादी रिकामी दिसली तरी तिथे थांबू नका, पेंडिंग कोडचं वेगळं पान असतं ते उघडायला सांगा.

घोडबंदरकर

मानलं बुवा. मुख्य यादी रिकामी, आणि पेंडिंगमध्ये:

```
P0303  Pending
```

परत स्कॅनर लावायचे पैसे त्याने घेतले नाहीत. म्हणजे दोनची कॉइल तीनवर गेली आणि आजार तिच्याबरोबर गेला. नवीन एक कॉइल १९५० ला बसवली, सीएनजीवर दोनदा पूल चढून आलो, झटका नाही, पेंडिंग पण रिकामं. १४ हजारवाल्या यादीतलं एवढंच लागलं. प्लग काढून बघितले तर गॅप वाढलेत, पण ते किलोमीटरप्रमाणे या सर्व्हिसिंगला बदलायचेच होते, ते आम्ही दोघं करू.

तपासणी ८००. पाच, पाच, पाच आणि तीन असे अठरा दिवस, म्हणजे तिघांना २२२ आणि रोहनला १३३. एक रुपया उरतो तो शेजाऱ्याच्या सासुरवाडीच्या खात्यात टाकलाय 😄 ताईंनी पण पाठवले.

आता कॉइलचे १९५०. आम्ही मालकांनी भरलेत. पण शेजारी म्हणतो कॉइल सगळ्यांच्या फेऱ्यांनी झिजली, तिचा पण वाटा मागू.

हिशेबी_ऐरोली

नको. "रिपेअरचं वेगळं बोलू" असं लिहिलंय म्हणजे मागायला हरकत नाही, पण गाडी विकाल तेव्हा नव्या कॉइलचा फायदा तुमचाच. रायडर रिकाम्या हाताने जाणार.

मीनल_वर्तकनगर

असं बघितलं तर टायरचं पण तसंच. टायर झिजतात ते चौघांच्या वजनाने. मला तर कॉइल वाटावी असंच वाटतं, दिवसांच्या प्रमाणात. सीएनजीचा वाटा देऊन रोज एसीत बसून जातात, ट्रेनचे धक्के वाचतात, त्याला काही किंमत नाही का.

स्नेहल_नेरुळ

मीनल, मग त्याची किंमत आधी ठरवा ना, किलोमीटरमागे थोडे जास्त घ्या आणि नंतर काही मागू नका. दर वेळी पार्टागणिक पंचायत भरवणार का?

हिशेबी_ऐरोली

किलोमीटरमागे जास्त घेतलंत की ते भाड्याच्या जवळ जातं, हे मी वर म्हटलं तेच.

स्नेहल_नेरुळ

घेतलेले पैसे गाडीवरच खर्च झाले आणि हिशेब उघडा असला तर ते भाडं कसं? मला नाही पटत.

कळवा_गॅरेज

तुमच्या भांडणात पडत नाही, फक्त एक सांगतो. बाकीच्या तीन कॉइल त्याच वयाच्या आहेत. आत्ता बदलू नका, चांगला पार्ट काढून फेकण्यात अर्थ नाही, काही वर्षं पण चालतील. पण पुढची केव्हातरी जाणारच, त्यामुळे कॉइल कोणाची हे शांततेत आत्ताच ठरवून ठेवा, पुलावर गाडी झटके खात असताना नको. प्लग मात्र लांबवू नका, वाढलेला गॅप नव्या कॉइललाही लवकर थकवतो. आणि गॅप सीएनजीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तोच ठेवायला सांगा, अंदाजाने ठोकून नको.

मीनल_वर्तकनगर

कळवादादा, तो ब्लूटूथवाला स्कॅनर घेऊन ठेवावा का ग्रुपसाठी? हजाराच्या आत मिळतोय ऑनलाइन.

कळवा_गॅरेज

घ्या, कोड आणि पेंडिंग बघायला पुरतो. स्वस्तातले काही नक्कल माल असतात, मध्येच कनेक्शन तोडतात, तर परत करता येईल तिथूनच घ्या. आयफोन असेल तर घ्यायच्या आधी चालतो का ते बघा, बरेच फक्त अँड्रॉइडवर चालतात. एबीएस, एअरबॅगचे लाइट त्यात बहुधा दिसणार नाहीत. आणि गाडीत कायमचा लावून ठेवू नका, उभ्या गाडीची बॅटरी थोडी थोडी खातो.

घोडबंदरकर

आमच्याकडे रोहन सोडून सगळे अँड्रॉइड. स्कॅनर घेतोय, तो मात्र चौघांत सारखा वाटून. कॉइलचं ताईंसमोर रविवारी बोलायचं ठरलंय, शेजाऱ्याला मी आधी समजावून बघतो.